विश्लेषण : ‘कोल्हापुरी’ किती वेळा लिहायचे? ऑनलाइन विक्रीतील शीर्षकाचा प्रश्न

मिलानमध्ये जून २०२५ मध्ये प्राडाच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारखी चप्पल दिसली आणि तिच्या वर्णनात कोल्हापूरचे नावही नव्हते. त्यावरून महाराष्ट्रात मोठा गदारोळ झाला. पुढे कंपनीने या चपलेचे मूळ भारतीय हस्तकलेत असल्याचे मान्य केले. नाव गाळले की काय होते, हे त्या वेळी सर्वांना दिसले. पण रोजच्या ऑनलाइन बाजारात याच्या नेमके उलटे चालते. एकाच चपलेच्या शीर्षकात ‘कोल्हापुरी’ हा शब्द चार-चार वेळा कोंबलेला असतो. कित्येकदा ती चप्पल रेक्झिनची असते आणि कोल्हापूरशी तिचा काही संबंध नसतो. या गर्दीत खऱ्या कारागिराची चप्पल हरवते. ती वर आणण्यासाठी तोही शब्द कोंबू लागतो आणि मग त्याचेही शीर्षक त्या रेक्झिनवाल्यासारखेच दिसू लागते. शीर्षकात शोधाचे शब्द हवेत, पण कोणते, किती वेळा आणि कुठे, हे समजून घेणे म्हणूनच गरजेचे आहे.

शीर्षक नेमके कोणासाठी?

ॲमेझॉन, फ्लिपकार्ट किंवा एट्सीवरचे शीर्षक दोघे वाचतात. पहिले वाचक म्हणजे शोधयंत्रणा. ग्राहकाने शोधचौकटीत टाकलेले शब्द कोणत्या लिस्टिंगमध्ये आहेत, हे ती पाहते. दुसरा वाचक म्हणजे मोबाइलवर बोटाने वर सरकवत जाणारा ग्राहक. त्याला चित्र, किंमत आणि शीर्षकाची पहिली एक-दोन ओळी एवढेच दिसते. उरलेले शीर्षक तीन टिंबांच्या मागे जाते.

शब्द कोंबणारा विक्रेता पहिल्या वाचकासाठी लिहितो आणि दुसऱ्याला विसरतो. त्याचा पहिल्या वाचकाबद्दलचा समजही चुकीचा असतो. एखादा शब्द लिस्टिंगमध्ये आहे की नाही, एवढे यंत्रणेला एकदा कळले की पुरते. तोच शब्द चार वेळा लिहिला म्हणून जुळणी चौपट होत नाही. जुळणाऱ्या हजारो वस्तूंपैकी कोणती वर दाखवायची हे ठरताना विक्री, क्लिकनंतरची खरेदी, किंमत आणि माल उपलब्ध आहे का, अशा गोष्टींचा भार मोठा असतो. म्हणजे शीर्षक तुम्हाला शर्यतीत उतरवते. पुढचा क्रमांक ग्राहक ठरवतो, आणि वाचताच न येणाऱ्या ओळीवर ग्राहक बोट ठेवत नाही.

नियम काय सांगतो?

ॲमेझॉनने २१ जानेवारी २०२५ पासून शीर्षकाचे नियम कडक केले. बहुतेक विभागांत शीर्षक मोकळ्या जागा धरून २०० अक्षरांच्या आत असले पाहिजे. एकच शब्द दोनपेक्षा जास्त वेळा येता कामा नये. इंग्रजीतील ‘फॉर’, ‘अँड’, ‘द’ अशा जोडशब्दांना त्यातून सूट आहे. उद्गारचिन्ह, प्रश्नचिन्ह, डॉलरचे चिन्ह अशी काही चिन्हे ब्रँडच्या नावाचाच भाग नसतील तर चालत नाहीत. विक्रेत्याने दुरुस्ती केली नाही तर ॲमेझॉन स्वतः शीर्षक बदलू शकते. ‘फ्री शिपिंग’सारखी जाहिरातबाजी आणि सगळी मोठी अक्षरे यांना आधीपासूनच मनाई आहे.

पण २०० ही कमाल मर्यादा आहे. तेवढे भरायलाच हवे, असा तिचा अर्थ नाही. मोबाइलवर नीट दिसावे म्हणून शीर्षक ८० अक्षरांच्या आसपास ठेवा, असा ॲमेझॉनचा स्वतःचाच सल्ला आहे. अनेक विक्रेते मर्यादेचा अर्थ लक्ष्य असा घेतात आणि जागा उरली म्हणून शब्द भरत जातात. गोंधळाची सुरुवात इथून होते.

कोंबलेले शीर्षक कसे दिसते?

उदाहरण म्हणून पुरुषांसाठीची एक हाताने केलेली, म्हशीच्या कातड्याची, कापशी घाटाची तपकिरी चप्पल घेऊ. बाजारात सर्रास दिसणाऱ्या पद्धतीने तिचे शीर्षक लिहिले, तर ते असे होईल :

```
Kolhapuri Chappal for Men Kolhapuri Chappals Men Leather Chappal Kolhapuri Sandal Slippers for Men Latest Ethnic Wedding Kurta Traditional Handmade Pure Leather Best Kolhapuri Chappal Men Brown
```

हे शीर्षक १९३ अक्षरांचे आहे, म्हणजे लांबीच्या नियमात बसते. पण ‘कोल्हापुरी’ आणि ‘मेन’ हे दोन्ही शब्द त्यात चार-चार वेळा आले आहेत. ‘चप्पल’ तीन वेळा आहे आणि वर एकदा अनेकवचनात आहे. त्यामुळे पुनरुक्तीच्या नियमात ते नापास होते. एकूण शब्द २७, पण वेगळे शब्द १६च. अकरा शब्दांची जागा फुकट गेली.

याहून मोठा दोष म्हणजे एवढे वाचूनही चपलेबद्दल फारसे काही कळत नाही. कातडे कशाचे, घाट कोणता, माप काय? ‘प्युअर लेदर’ हे शब्द प्रत्येक जण लिहितो, त्यामुळे त्यांना वजन उरलेले नाही. ‘लेटेस्ट’ आणि ‘ट्रॅडिशनल’ एकाच ओळीत बसले आहेत आणि एकमेकांना खोडून काढत आहेत. ‘बेस्ट’ कोणी ठरवले, हा प्रश्न ग्राहकाच्या मनात येतो आणि उत्तर मिळत नाही. मोबाइलवर दिसणाऱ्या पहिल्या ओळीत तर ‘कोल्हापुरी चप्पल फॉर मेन कोल्हापुरी चप्पल्स मेन’ एवढेच येते. दुकानात कोणी असे बोलला तर गिऱ्हाईक मागच्या पावली बाहेर पडेल.

शब्द निवडायचे कसे?

सुरुवात ग्राहकाच्या तोंडच्या शब्दांपासून करावी. शोधचौकटीत `kolhapuri` एवढेच टाकून थांबले की खाली सूचनांची यादी उघडते. लोक जे शोधतात त्यावर ती आधारलेली असते. हे करताना आपल्या खात्यातून बाहेर पडावे, नाहीतर आपल्याच जुन्या शोधांचा रंग यादीला चढतो. जाहिरात चालवणाऱ्या विक्रेत्याला त्याहून पक्का आधार मिळतो. ग्राहकांनी कोणते शब्द टाकून त्याच्या वस्तूवर क्लिक केले आणि त्यातून विक्री झाली का, हे जाहिरातीच्या अहवालात दिसते.

अशी दहा-पंधरा शब्दांची यादी हाती आली की पहिली कात्री खरेपणाची लावायची. जो शब्द आपल्या वस्तूला लागू होत नाही, तो कितीही शोधला जात असला तरी काढून टाकायचा. दुसरी कात्री थोडी सूक्ष्म आहे. प्रत्येक शब्दावर बोट ठेवून विचारायचे, हा शब्द काढला तर ग्राहकाच्या हाती वेगळी वस्तू पडेल का? ‘मेन्स’ काढला तर पडेल, कारण बायकांच्या चपलेचा घाट आणि माप वेगळे असते. ‘बफेलो लेदर’ काढला तर पडेल, कारण रेक्झिनही दिसायला तसेच असते. ‘वेडिंग’ काढला तर? चप्पल तीच राहते. ती लग्नात घाला नाहीतर बाजाराला जाताना. म्हणून ‘वेडिंग’ वस्तूची ओळख सांगत नाही, वापर सांगतो, आणि वापराची जागा शीर्षकात नाही.

या दोन कात्र्यांनंतर जे उरते ते असे मांडता येते. पहिल्या शब्दाच्या जागी विक्रेत्याच्या ब्रँडचे नाव येईल :

```
Brand Men's Kolhapuri Chappal, Handmade Buffalo Leather, Kapashi, Brown, UK 8
```

ब्रँडचे नाव पाच अक्षरी धरले तर हे ७७ अक्षरांत संपते. अकरा शब्द आहेत आणि एकही दोनदा नाही. क्रमालाही कारण आहे. कोणासाठी आणि काय, हे पहिल्या तीसेक अक्षरांत आले आहे, त्यामुळे ओळ कुठेही तुटली तरी वस्तू कळते. त्यानंतर कशाची आणि कशी केलेली, मग घाट आणि शेवटी रंग व माप. ‘कोल्हापुरी चप्पल’ हे दोन शब्द शेजारीशेजारी ठेवले आहेत, कारण ग्राहकही ते जोडीनेच टाकतो आणि वाचतो. ‘कापशी’ शोधणारे थोडे असतील, पण जो शोधतो त्याला चपलेतले कळते आणि तो नेमके तेच घ्यायला आलेला असतो. स्वल्पविराम ग्राहकाला श्वास घ्यायला जागा देतात.

माप आणि रंग यांच्याबाबत एक काळजी घ्यावी. एकाच चपलेची अनेक मापे असतात तेव्हा ॲमेझॉनवर एक मूळ लिस्टिंग आणि तिच्याखाली प्रत्येक मापाची वेगळी नोंद असते. माप आणि रंग त्या खालच्या नोंदीच्या शीर्षकात लिहायचे, मुळाच्या नाही. नाहीतर नऊ नंबरची चप्पल घेणाऱ्यालाही वर आठच दिसत राहतो आणि फोन येतो.

उरलेले शब्द वाया जातात का?

नाही, आणि बहुतेक विक्रेते अडतात ते इथेच. शीर्षकातून काढलेला शब्द शोधातूनही गेला, अशी भीती त्यांना वाटते. पण लिस्टिंग भरताना शीर्षकाखेरीज बऱ्याच जागा असतात. साहित्य, रंग, बंद करण्याची पद्धत यांसाठी वेगळे रकाने असतात. ग्राहक डावीकडची गाळणी लावतो तेव्हा हेच रकाने उपयोगी पडतात. रकाना रिकामा सोडून तोच शब्द शीर्षकात तीनदा लिहिला, तर गाळणी लावल्यावर वस्तू दिसेनाशी होऊ शकते. वापर, कुर्त्यावर शोभणे, घालून मऊ व्हायला लागणारे दिवस हे सगळे खालच्या मुद्द्यांत पूर्ण वाक्यात लिहावे.

ॲमेझॉनवर याशिवाय शोधशब्दांचा एक रकाना असतो, जो ग्राहकाला दिसत नाही. समानार्थी शब्द तिथे जातात. आपल्या चपलेसाठी तिथे एवढे पुरेल :

```
sandal slipper ethnic traditional wedding kurta footwear paytan
```

यात शीर्षकातला एकही शब्द पुन्हा लिहिलेला नाही, कारण त्याची गरज नसते. चुकीची स्पेलिंग आणि अनेकवचने यांचीही गरज नाही, ती यंत्रणा स्वतः जुळवून घेते. ‘पायताण’ हा कोल्हापूरकडचा शब्द मात्र आवर्जून ठेवला आहे, कारण तो कोणतीही यंत्रणा आपण होऊन ओळखेल याची खात्री नाही. या रकान्याची मर्यादा अक्षरांत मोजत नाहीत, बाइटमध्ये मोजतात, आणि ती साधारण दोन-अडीचशे बाइटची असते. वरची ओळ ६३ बाइटची आहे. देवनागरीत लिहिताना हिशेब बदलतो. इंग्रजीतले एक अक्षर एक बाइट घेते, तर देवनागरीतले प्रत्येक अक्षर, काना, वेलांटी आणि हलन्त मिळून प्रत्येकी तीन बाइट घेतात. `kolhapuri chappal` १७ बाइटमध्ये बसते, ‘कोल्हापुरी चप्पल’ला ४६ लागतात. म्हणून देवनागरी शब्द दोन-चारच, पण नेमके निवडावेत.

‘लेटेस्ट’ आणि ‘बेस्ट’ यांना मात्र कुठेच जागा नाही. ते कोणत्याही रकान्यात टाकले तरी वस्तूबद्दल काही सांगत नाहीत.

बाजार बदलला की शीर्षक बदलते का?

बदलते, कारण ग्राहकाचे शब्द बदलतात. हीच चप्पल एट्सीवरून अमेरिकेत विकायची असेल तर तिथल्या बहुतेक ग्राहकांना ‘चप्पल’ हा शब्द माहीत नसतो. ते ‘सँडल्स’ शोधतात. तिथे स्थायिक झालेले मराठी कुटुंब मात्र ‘कोल्हापुरी’च टाकते. तेव्हा भारतातल्या शीर्षकात अनावश्यक ठरलेला ‘सँडल्स’ तिथे मुख्य नाम होतो :

```
Kolhapuri Leather Sandals for Men, Handmade in India, Brown
```

एट्सी शीर्षकाला १४० अक्षरे देते. त्याशिवाय १३ टॅग देते आणि प्रत्येक टॅग २० अक्षरांपर्यंत चालतो. `kolhapuri chappal` हा टॅग त्यात आरामात बसतो, `mens leather sandals` बरोबर २० अक्षरांचा आहे, पण `handmade kolhapuri chappal` बसत नाही, तो तोडावा लागतो. म्हणजे ‘चप्पल’ टॅगमध्ये जाते आणि ‘सँडल्स’ शीर्षकात येते. शब्द तेच राहिले, फक्त त्यांच्या जागा बदलल्या. ज्या छोट्या बाजारांत ना टॅग असतात ना लपलेला रकाना, तिथे एखादा समानार्थी शब्द शीर्षकातच घ्यावा लागतो. तो एकदाच घ्यावा आणि शेवटी घ्यावा.

नाव लिहिण्याचा हक्क कोणाचा?

या चर्चेत एक गोष्ट सहसा सुटते. ‘कोल्हापुरी’ हा नुसता कीवर्ड नाही. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. त्यात महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट व विजापूर हे आठ जिल्हे येतात. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेले कातडे आणि हाताची शिलाई ही या चपलेची ओळख आहे. माल त्या प्रदेशातला आहे असा खोटा भास निर्माण करणे हे १९९९च्या भौगोलिक मानांकन कायद्यानुसार उल्लंघन ठरते. भास निर्माण करण्याची पहिली जागा शीर्षकच असते.

ग्राहक संरक्षण कायद्याखालचे २०२०चे ई-कॉमर्स नियमही इथे लागू होतात. वस्तू जाहिरातीत सांगितलेल्या गुणांची नसेल तर विक्रेत्याला ती परत घेण्यास नकार देता येत नाही. म्हणजे रेक्झिनच्या चपलेवर ‘प्युअर लेदर कोल्हापुरी’ लिहिणाऱ्याने फक्त शोधाशी खेळ केलेला नसतो, त्याने एक वचन दिलेले असते. ‘आम्ही फक्त कीवर्ड टाकला’ हा बचाव टिकण्यासारखा नाही. आमच्या मते बाजार चालवणाऱ्या कंपन्यांनीही इथे हात झटकू नयेत. एक शब्द दोनपेक्षा जास्त वेळा आला की तो पकडणारी यंत्रणा त्यांच्याकडे आहे. साहित्याच्या रकान्यात ‘सिंथेटिक’ आणि शीर्षकात ‘कोल्हापुरी लेदर’ ही विसंगती पकडणे त्यापेक्षा फार अवघड नाही. शब्दांची संख्या मोजायची आणि शब्दांचा खरेपणा तपासायचा नाही, हा अर्धाच नियम झाला.

बदल लागू पडला हे कसे ओळखायचे?

शब्द कोंबणारे वर दिसतात आणि आम्ही खाली, असे विक्रेते म्हणतात. ते बऱ्याचदा खरेही असते. पण त्या वरच्या लिस्टिंगमागे अनेक वर्षांची विक्री, शेकडो अभिप्राय आणि जाहिरातीचा खर्च असतो. त्यांचे शीर्षक उचलले म्हणून ते सगळे आपल्याकडे येत नाही. म्हणून तुलना दुसऱ्याशी न करता आपल्याच मागच्या आकड्यांशी करावी.

शीर्षक बदलण्याआधीच्या चार आठवड्यांचे आकडे लिहून ठेवावेत. वस्तू किती वेळा दिसली, किती क्लिक झाले, किती ऑर्डर आल्या आणि किती माल परत आला. मग फक्त शीर्षक बदलावे. चित्र, किंमत आणि जाहिरात तशीच ठेवावी, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही. दिवाळी किंवा लग्नसराईच्या तोंडावर हा प्रयोग करू नये, कारण तेव्हा आकडे असेही चढतात.

पुढच्या चार आठवड्यांत वस्तू दिसण्याचे प्रमाण एकदम घसरले, तर एखादा मुख्य शब्द हातातून सुटला आहे. तो शीर्षकात किंवा रकान्यात परत आणावा. दिसणे तेवढेच राहिले आणि क्लिक वाढले, तर ओळ वाचनीय झाली. क्लिक वाढले पण ऑर्डर वाढल्या नाहीत, तर शीर्षक एक सांगते आणि चित्र किंवा किंमत दुसरे, असे समजावे. आणि ‘वर्णनाप्रमाणे नाही’ या कारणाने येणारा परतीचा माल कमी झाला, तर तो या बदलाचा सर्वात मोठा फायदा. कारण चपलेची एक जोडी परत आली की जाण्यायेण्याचा खर्च तर होतोच, शिवाय घालून पाहिलेल्या तळव्यावर वळ उमटलेला असतो आणि ती जोडी नवी म्हणून विकता येत नाही. हा फटका मोठ्या व्यापाऱ्याला सोसतो. आठवड्याला मोजक्या जोड्या करणाऱ्या कारागिराच्या हातचा मात्र त्यात अख्खा दिवस जातो.